पार्सल परत आलं, मग भाडं कोणाच्या खिशातून?

*"मी अमळनेरला राहते. २८ एप्रिलला लेकीला बंगळूरला कुरियरनं खोकं पाठवलं. त्यात बिबडे, कुरडया, उडदाचे पापड आणि कळण्याचं पीठ होतं. वजन साडेसहा किलो भरलं, पण पावतीवर साडेनऊ किलो धरून जीएसटीसकट ८२६ रुपये घेतले. १४ मेला खोकं परत आलं! 'घरी कोणी नव्हतं' म्हणे. लेक घरूनच काम करते, तिला साधा फोनही आला नाही. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'मावशी, परतीनं भाडं ते लागसच.' यूपीआयनं ५९० रुपये दिले तेव्हा खोकं हातात पडलं. निम्मे बिबडे तुटलेले. कंपनीला पत्र लिहून भाडं परत मागायचं आहे. काय लिहू, आणि मिळेल का? पावती आणि लेकीनं पाठवलेला ट्रॅकिंगचा फोटो सोबत जोडला आहे."*
*– एक वाचक, अमळनेर*

ताई, ट्रॅकिंगचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. पत्राचं निम्मं काम त्यातच आहे.

कंपनी आधी काय म्हणेल ते सांगते. आम्ही माल बंगळूरला नेला, दारात गेलो, घेणारं कोणी नव्हतं, म्हणून परत आणला. दोन्ही फेऱ्यांचा खर्च आम्हाला आलाच. हे खरं असेल तर त्यांचं चुकत नाही. लेक त्या आठवड्यात गावी आली असती किंवा तुम्ही घर नंबर चुकीचा लिहिला असता, तर पत्र लिहू नका असंच मी म्हटलं असतं. म्हणजे पार्सल परत आलं एवढ्यावर भाडं परत मिळत नाही. ते का परत आलं, यावर सगळं ठरतं. कंपनीनं कारण लिहून ठेवलंय आणि ते कारण खोटं आहे, एवढंच आपल्याला दाखवायचं आहे.

आता तो फोटो समोर घ्या. ४ मे, रात्री ९.१४ ला नोंद आहे `Consignee Not Available`. ५ मे, पुन्हा ९.१४. ६ मे, ९.१३. तिन्ही दिवशी डिलिव्हरीवाला तुमच्या लेकीच्या दारात रात्री सव्वानऊला, तेही जेमतेम मिनिटाच्या फरकानं पोचला, असं या नोंदी सांगतात. माल वाटायला निघालेला माणूस रस्त्यावर असतो, त्याच्या नोंदी दिवसभर वेगवेगळ्या वेळी पडतात. रात्री ठरावीक वेळेला एकामागून एक अशा नोंदी पडल्या, की त्या बहुतेक वेळा गोडाऊनमध्ये बसून, दिवसाचा हिशेब बंद करताना केलेल्या असतात. वाटायचं राहून गेलेल्या पार्सलापुढे काहीतरी कारण टाकावंच लागतं, आणि 'घरी कोणी नव्हतं' हे सगळ्यात सोपं कारण.

याहून पक्की खूण आणखी एक आहे. पार्सल गोडाऊनमधून वाटायला बाहेर पडलं की `Out for Delivery` अशी नोंद होते. तुमच्या फोटोत ती एकदाच दिसते, ४ मेच्या सकाळी. ५ आणि ६ मेला ती नाहीच. वाटायला बाहेरच न पडलेलं पार्सल घेऊन माणूस दारात गेला कसा? कंपनीला याचं उत्तर देता येणार नाही, कारण हा पुरावा तिच्याच यंत्रातला आहे. पत्रातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच धरा. फोटोचे दोन प्रिंट काढून ठेवा. ट्रॅकिंगच्या जुन्या नोंदी काही महिन्यांनी पानावर दिसेनाशा होतात.

लेकीकडून दोन गोष्टी मागवून घ्या. एक, ४ ते ६ मेच्या तिच्या फोनच्या कॉल यादीचा फोटो. दुसरी मला जास्त कामाची वाटते. बंगळूरच्या मोठ्या सोसायटीत फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद होते, वहीत नाहीतर मोबाइलवर. त्या तीन दिवसांत त्या कुरियरचं कोणी तिच्या घरासाठी आलं नाही, असं सोसायटीच्या कार्यालयानं चार ओळींत लिहून शिक्का मारून दिलं, तर प्रकरण जवळजवळ मिटलंच. आणि कोणी आल्याची नोंद निघाली, तर तेही आपल्याला आत्ताच कळलेलं बरं.

आता खोक्याकडे या. ते फेकलं नसेल अशी आशा करते. त्यावर कंपनीनं चिकटवलेलं छापील लेबल असेल. त्यावरचा पत्ता, पिनकोड आणि मोबाइल नंबर तुमच्या पावतीशी एकेक आकडा बोट ठेवून पडताळा, आणि लेबलचा फोटो काढा. माझं स्वतःचं एक पार्सल पुण्याला न पोचता परत आलं होतं. 'पत्ता चुकीचा' असा शेरा होता. घरी येऊन लेबल बघते तर काउंटरवरच्या मुलानं पिनकोडचे शेवटचे दोन आकडे उलटे टाइप केलेले, पावतीवर मात्र माझ्या अक्षरात बरोबर लिहिलेले. तीन दिवस मी बहिणीलाच बोल लावत होते! तुमच्या लेबलावर असं काही सापडलं, तर पत्रात एक वाक्य वाढवा. पावतीवर तुमच्या हातचं बरोबर असेल तर चूक त्यांची. तुमच्याच हातून चुकलं असेल, तर मागणी परतीच्या भाड्यापुरती ठेवा, तीही परतीचं भाडं घेऊ असं पावतीवर कुठे छापलेलं नसेल तरच.

साडेनऊ किलोचं दुखणं मात्र पत्रात आणू नका. तो घोळ नाही. हलका पण जागा खाणारा माल असला की कुरियरवाले खोक्याच्या मापावरून वजन काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. पावतीवर तुमच्या खोक्याचं माप ४५ × ३५ × ३० आहे. गुणाकार ४७,२५०, भागून ९.४५, म्हणजे साडेनऊ किलो. बिबडे ताटाएवढे आणि कागदासारखे हलके, त्यांच्या भाड्यात हवेचेही पैसे लागतात. हा मुद्दा घातलात तर कंपनी त्याचंच लांबलचक उत्तर देईल आणि मूळ गोष्ट बाजूला पडेल.

मला खरी काळजी ५९० रुपयांची वाटते. त्याची पावती तुमच्या पाकिटात नाही. यूपीआयचा मेसेज उघडून पाहा, पैसे कोणाच्या नावावर गेले? कंपनीच्या किंवा दुकानाच्या नावावर असतील तर ठीक. त्या मुलाच्या स्वतःच्या नावावर असतील, तर कंपनी सरळ म्हणेल की आम्ही परतीचं भाडं घेतलंच नाही. म्हणून पत्राआधी एकदा काउंटरवर जा आणि शांतपणे एवढंच म्हणा: "भाऊ, ५९० चं जीएसटीचं बिल दे." बिल मिळालं तर तुमचा पुरावा झाला. टाळाटाळ झाली तर ती तारीख लिहून ठेवा आणि पत्रात घाला. कधी कधी बिल मागताच पैसे तिथल्या तिथे परत येतात. तसं झालं तर घ्या, आणि पत्रातून ती रक्कम वगळा.

पत्र असं लिहा. रागाचं एकही वाक्य नको, नुकसानीची कहाणी नको. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत आकडा कळला पाहिजे. डॉकेट क्रमांक म्हणजे पावतीवरचा पार्सलचा नंबर.

---

दिनांक: २० मे २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचं पूर्ण नाव आणि पावतीवर छापलेला नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता)

प्रत: शाखा / फ्रँचायझी, अमळनेर

विषय: डॉकेट क्र. ______, बुकिंग दि. २८ एप्रिल २०२६, अमळनेर ते बंगळूर. डिलिव्हरीचा प्रयत्न न करता परत केलेल्या पार्सलचे भाडे रु. १,४१६ परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील डॉकेटने मी माझ्या मुलीला घरगुती खाद्यपदार्थांचे पार्सल पाठवले. त्याचे भाडे जीएसटीसह रु. ८२६ मी बुकिंगच्या वेळी भरले.

आपल्या ट्रॅकिंगनुसार ४, ५ व ६ मे रोजी अनुक्रमे रात्री ९.१४, ९.१४ व ९.१३ वाजता 'घेणारी व्यक्ती उपलब्ध नाही' अशा नोंदी आहेत. मात्र पार्सल वितरणासाठी बाहेर पडल्याची नोंद फक्त ४ मे रोजी सकाळी आहे. ५ व ६ मे रोजी अशी नोंद नाही. या तिन्ही दिवशी माझी मुलगी घरी होती. तिच्या मोबाइलवर आपला एकही फोन आलेला नाही. सोसायटीच्या फाटकावरील नोंदीतही आपल्या प्रतिनिधीच्या येण्याची नोंद नाही. पावतीवरील पत्ता, पिनकोड व मोबाइल क्रमांक बरोबर आहेत.

१४ मे रोजी पार्सल अमळनेरला परत आले. परतीच्या भाड्यापोटी रु. ५९० भरल्याशिवाय ते देण्यास शाखेने नकार दिल्याने मी ती रक्कम यूपीआयने भरली. तिचे बिल मागूनही मिळालेले नाही.

पत्त्यावर पोचवण्यासाठी घेतलेले भाडे, ती सेवा न देता ठेवून घेणे, आणि न केलेल्या प्रयत्नाच्या आधारे परतीचे भाडे घेणे, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे. म्हणून माझी मागणी अशी:

जाण्याचे भाडे रु. ८२६ + परतीचे भाडे रु. ५९० = एकूण रु. १,४१६ हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील बँक खात्यात जमा करावेत. कूपन किंवा पुढील बुकिंगमध्ये सवलत मला मान्य नाही.

आपली बाजू वेगळी असल्यास त्या तीन दिवशी वितरणासाठी गेलेल्या प्रतिनिधीच्या फोनची व ठिकाणाची नोंद मला द्यावी.

सोबत: पावती, ट्रॅकिंगचे पान, कॉल यादी, सोसायटीचे पत्र, खोक्यावरील लेबलचा फोटो, यूपीआय व्यवहाराचा फोटो यांच्या प्रती.

(सही, नाव, पत्ता, मोबाइल, बँक खाते)

---

ज्या गोष्टीचा कागद हातात नसेल ते वाक्य पत्रातून काढून टाका. सोसायटीचं पत्र मिळालं नाही, तर फाटकाचं वाक्य नको. शेवटून दुसरं वाक्य, प्रतिनिधीच्या नोंदी मागणारं, मी मुद्दाम घातलं आहे. वाटप करणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलमधून नोंद पडते तेव्हा ती कुठून पडली हेही अनेक कंपन्यांच्या यंत्रात राहतं. खरंच दारात गेले असतील तर ते आनंदानं दाखवतील. नसतील गेले तर त्या प्रश्नाला उत्तर येणार नाही, आणि पुढे तेही तुमच्याच बाजूनं बोलेल.

हे पत्र फक्त अमळनेरच्या काउंटरवर देऊन घरी येऊ नका. तिथला मालक बहुधा फ्रँचायझी घेतलेला असतो, परत देण्याचा निर्णय त्याच्या हातात नसतो. एक प्रत त्याला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्या. मूळ पत्र स्पीड पोस्टनं मुख्य कार्यालयाला पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे, तेव्हा टपाल कार्यालयात पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागा. हाच मजकूर लेकीकडून इंग्रजीत करून कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवरही पाठवा. तो वाचणारा माणूस मराठी असेलच असं नाही.

उत्तर तीन प्रकारचं येईल. पहिलं, 'आमच्या अटींनुसार भाडं परत होत नाही.' पावतीमागच्या बारीक अक्षरांत असं असतंही. सही केलेल्या अटी साध्या मानू नका. हरवलेल्या मालाची भरपाई किती, यावर कुरियरच्या पावतीतली मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये मान्य केली आहे. पण तुमचं प्रकरण भरपाईचं नाही, न दिलेल्या सेवेच्या किमतीचं आहे. उत्तरात एवढंच विचारा: त्या अटीत प्रयत्न न करताही भाडं ठेवता येतं, असं लिहिलंय का? दुसरं उत्तर, 'परतीचे ५९० देतो, जाण्याचे नाही.' हे पुष्कळदा येतं. मी तुमच्या जागी असते तर फाटकाचं पत्र हातात असल्यास नाही म्हटलं असतं, नसल्यास घेऊन मोकळी झाले असते. तिसरं, 'पुन्हा फुकट पाठवतो.' कुरडया आणि पिठासाठी चांगलं आहे. पण आधी ५९० परत घ्या, आणि फुकट हा शब्द लेखी घ्या, नाहीतर बंगळूरहून खोकं दुसऱ्यांदा परत येईल आणि बिलही दुसऱ्यांदा.

पंधरा दिवसांत काहीच आलं नाही, तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतूनही बोलता येतं. ती कंपनीला हुकूम देत नाही, तक्रार तिच्यापुढे ठेवून उत्तर मागते. एवढ्या रकमेची बरीच प्रकरणं तिथेच मिटतात, कारण कंपनीलाही १,४१६ रुपयांसाठी माणूस अडकवून ठेवणं परवडत नाही. तिथेही नाही झालं तर जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी भरलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ऑनलाइनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. तिथे भाड्याबरोबर त्रासापोटी आणि खर्चापोटी थोडी रक्कमही मागा. फुगवून मागू नका. पन्नास हजार मागितले की पावतीकडे पाहण्याआधी मागणीकडे पाहिलं जातं.

एक गोष्ट बचत गटातून पापड-बिबडे विकणाऱ्या वाचक भगिनींसाठी. कंपनी म्हणेल, हा धंद्याचा माल, तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या हातानं राबून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा असेल तर कायदा तुम्हाला ग्राहकच मानतो. जीएसटी नोंदणी असेल आणि भाड्यावरच्या कराचं क्रेडिट घेतलं असेल, तर मात्र कर सोडून फक्त भाडं मागायचं.

राहिले तुटलेले बिबडे. मी ते पत्रात घेतले नाहीत, आणि तुम्हीही घेऊ नका असं सुचवते. पावतीवर मालाची किंमत तुम्ही ५०० रुपये लिहिली आहे, त्याहून जास्त मिळणं अवघड. शिवाय कंपनी म्हणेल बांधणी तुमची, आणि बिबडा म्हणजे नुसता हात लागला तरी तडकणारी वस्तू. भाड्याचा मुद्दा स्वच्छ आहे, त्यात हा वादाचा मुद्दा मिसळू नका. तरीही मन मानत नसेल, तर वेगळं पत्र लिहा: रस्त्यानं मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात कुरियरही येतं, आणि त्यानुसार नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. तुमच्या पावतीवरून मोजली तर ही मुदत २५ ऑक्टोबरला संपते. तुकडे तोवर टिकणार असतील तर फोटो आज काढा, आणि मग तळून खाऊन टाका.